तीन पिढ्यांच्या मिठाईच्या दुकानाची गोष्ट: व्हॉइसओव्हरची संहिता कशी लिहावी

"आजोबांनी लावलेल्या इवल्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे." दुकानाच्या फिल्मसाठी लिहिलेल्या कच्च्या संहितेत हे वाक्य मला इतक्या वेळा भेटलंय, की कागद हातात आला की मी आधी तेच शोधते. सापडलं की कळतं, लिहिणारा दुकानात गेला, चहा प्यायला, पेढा खाल्ला आणि परत आला. आत भट्टीपर्यंत गेलाच नाही.

इथे मी दोन-अडीच मिनिटांच्या फिल्मबद्दल बोलतेय. पडद्यावर दुकान, वरून एक मायेचा आवाज आणि आजोबा, वडील, नात अशा तीन पिढ्या. सोबत उदाहरण घेते ते सातारा भागातल्या एका तालुक्याच्या गावचं, पेठेतल्या कंदी पेढ्याच्या दुकानाचं. नाव राहू दे. पहिल्या पिढीला सगळी पेठ आप्पा म्हणायची. त्यांचे चिरंजीव अण्णा, आता सत्तरीच्या पुढे, अजून रोज गल्ल्यावर बसतात. आणि धंदा आता बघते अण्णांची मुलगी. तिनेच मला बोलावलं होतं.

आधी शब्द मोजा

मराठीत सावकाश, जिव्हाळ्याने वाचायचं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांच्या वर जाता येत नाही. अडीच मिनिटांत निदान अर्धं मिनिट नुसत्या चित्रांना आणि आवाजांना द्यावंच लागतं. म्हणजे हातात राहतात दोनशे-सव्वादोनशे शब्द. त्यातले पन्नास आप्पांना, साठ-सत्तर अण्णांना, पन्नास मुलीला, उरलेले शेवटाला. मधल्या पिढीला सगळ्यात जास्त का, ते पुढे येईलच.

बोलणार कोण

तिसरी पिढी. भारदस्त आवाजाचा निवेदक आणला की "संस्थापक कै. अमुक-अमुक यांनी" सुरू होतं आणि सभागृहातल्या सत्कारासारखं वाटायला लागतं. नात बोलली की "आप्पा", "अण्णा", "आई" हे शब्द आपोआप येतात, आणि ती माया वेगळी लिहावी लागत नाही. आवाज प्रत्यक्ष तिचाच असला तर उत्तम. नसला तरी वाक्यं तिच्या तोंडची हवीत.

सालांवर विश्वास ठेवू नका

पाटीवर स्थापनेचं साल असतं. ते पाटी रंगवणाऱ्याला कुणीतरी अंदाजाने सांगितलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणून जुने कागद मागा: जागेच्या भाड्याच्या पावत्या, नगरपालिकेचा परवाना, उधारीच्या वह्या. या दुकानात एक पावती निघाली, तारीख फाटून गेलेली. पण तिच्यावर "जि. उत्तर सातारा" छापलेलं होतं. हे नाव १९४९ ते १९६० एवढ्याच काळात होतं, तेव्हा सांगलीला दक्षिण सातारा म्हणायचे. साल नक्की कळलं नाही, पण दशक पक्कं झालं, आणि तेवढं पुरतं.

माणसांच्या आठवणींनाही असाच आधार द्यावा लागतो. "कोणत्या साली?" विचारलं की म्हातारं माणूस गोंधळतं. या भागात मी विचारते, "कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?" ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट कुणी विसरलेलं नाही. तसाच १९७२चा दुष्काळ. आणि कुणी सांगितलं, "आप्पा सुरुवातीला पाच रुपये किलोने पेढा विकायचे," तर थांबा. मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, नवे पैसे १ एप्रिल १९५७ला. त्याआधी तोलायचं ते शेरावर आणि मोजायचे ते आणे. पन्नासच्या दशकातल्या गोष्टीत किलो आला की पेठेतला पहिला म्हातारा गिऱ्हाईकच तुमची फिल्म खोटी ठरवेल.

संहितेत सरळ साल टाकण्यापेक्षा मी लिहिलं, "कोयनेचा भूकंप व्हायच्या आधीची गोष्ट." खरं आहे, आणि ऐकायलाही बरं वाटतं.

पहिली पिढी: एक वस्तू, एक प्रसंग, पुढे चला

आप्पांची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असते, घासून गुळगुळीत झालेली. ती सगळी सांगू नका. आमच्याकडे आप्पांची पहिली कढई होती, तिच्यावरच पन्नास शब्द लिहिले. संपलं.

दुसरी पिढी: इथेच संहिता बसते नाहीतर पडते

आता ज्यावर मी स्वतः तोंडघशी पडले ते सांगते.

पहिल्या खर्ड्यात आप्पांवर सव्वा मिनिट होतं. मग "अण्णांनी हा वारसा समर्थपणे पुढे नेला" हे एक वाक्य, आणि लगेच नवे खोके, नवी पाटी, कुरिअरने जाणारे पेढे. मुलीला आवडलं. अण्णांना वाचून दाखवलं. ते "छान झालंय" म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. चाळीस वर्षं पहाटे चारला उठलेल्या माणसाला मी एका वाक्यात गुंडाळलं होतं, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हे जवळपास प्रत्येक दुकानात होतं. पहिल्याने सुरू केलं, तिसऱ्याने नवं केलं, मधल्याने नुसतं चालवलं, असा सगळ्यांचा समज, आणि मधल्याचा तर पक्काच. त्यामुळे त्याला "तुमचं योगदान काय?" असं कधीही विचारू नका. योगदान हा शब्द ऐकला की माणूस आवळून बसतो. अण्णांचं उत्तर होतं, "काही नाही हो, आप्पांनी घालून दिलं तेच चालवलं." यावर डोळे पुसणारी चार वाक्यं लिहून देणारे लेखक आहेत. तसं करू नका. पोकळ जागेवर विशेषणं रचली की आवाज कितीही मायेचा असला तरी ऐकणाऱ्याला पोकळी कळते.

मग काय विचारायचं? वस्तूंबद्दल विचारा. दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना, मधल्या पिढीतल्या माणसाला सोबत घेऊन दुकानाच्या मागच्या बाजूला फिरा आणि बोट दाखवून विचारत जा. हे कधी घेतलं? हे का बदललं? हे अजून का ठेवलंय? माणूस स्वतःबद्दल बोलायला लाजतो, पण काट्याबद्दल, कढईबद्दल, भट्टीबद्दल भरभरून बोलतो. मुला-मुलींना मात्र या फेरीत सोबत घेऊ नका, ती वाक्यं पुरी करत बसतात.

अण्णांच्या भटारखान्यात मोठी डिझेलची भट्टी होती, तिच्या पंख्याचा सतत घुंऽऽ आवाज. आणि कोपऱ्यात मातीने लिंपलेली जुनी लाकडाची भट्टी, तीही चालू. मी विचारलं, "दोन कशाला?" अण्णा म्हणाले, "असू दे, जुनी आहे." आतून खोके मोजणाऱ्या काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, ओरडल्या, "असू दे काय? सांगा की त्यांना तो गणपती!"

तिथे मला फिल्म सापडली.

झालं होतं असं. आप्पा गेल्यावर अण्णांनी डिझेल भट्टी आणली. कंदी पेढ्याचा खवा करायचा तर म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा पडतो, आणि लाकडावर त्याला वेळ लागतो. डिझेलवर काम झपाट्याने होऊ लागलं. पण कंदी पेढ्याचं खरं काम खवा झाल्यावर सुरू होतं. तो खवा पुन्हा मंद आचेवर, हलवत हलवत, तांबूस होईपर्यंत भाजायचा असतो. डिझेलच्या भट्टीत पंख्याच्या जोराने जाळ कढईच्या बुडाशी एकाच जागी आदळतो. बुडाचा खवा करपतो, वरचा पांढराच राहतो, आणि हलवलं की करपलेलं सगळ्यात मिसळतं. त्या वर्षी गणपतीत पेढे परत यायला लागले. कडू लागतायत म्हणून.

अण्णांनी आधी दुधाला दोष दिला, गवळी बदलला. मग कारागिराला बोलले. तीन घाणे टाकून द्यावे लागले. शेवटी काकूंनी आठवण करून दिली, खवा रंग धरायला लागला की आप्पा भट्टीतली अर्धी लाकडं बाहेर ओढून घ्यायचे. नव्या भट्टीत ओढायला लाकूडच नव्हतं. त्यावर अण्णांनी जो तोडगा काढला तो आजवर चालू आहे: दूध आटतं डिझेलवर, भाजणं होतं लाकडावर.

आता बघा, हा माणूस "तेच चालवलं" म्हणत होता. तेच चालवण्यासाठी काय करावं लागलं, ही त्याची गोष्ट. ती त्याला सांगावीशी वाटली नाही कारण त्याच्या हिशेबी ती चूक होती. माझा आता ठाम अनुभव आहे की मधल्या पिढीची गोष्ट तिने ज्याला चूक, खर्च किंवा डोकेदुखी म्हटलंय त्याच्याखाली असते. आणि बहुतेक वेळा ती सांगते घरातली बाई, जिचं नाव परवान्यावर नसतं. तिला भेटल्याशिवाय संहिता लिहायला बसू नका.

हाती लागलेला प्रसंग चालेल की नाही, हे मी तीन गोष्टींवरून ठरवते. काहीतरी खरंच गेलं होतं का? पुढचा निर्णय त्याच माणसाचा होता का? आणि त्या निर्णयाची खूण आज दुकानात कॅमेऱ्याला दिसते का? तिसरी अट नवखे लोक विसरतात. कर्ज फेडलं, हा मोठा प्रसंग असेल, पण दाखवणार काय, पासबुक? दोन भट्ट्या दिसतात. ओढलेलं, धुमसणारं लाकूड दिसतं.

मुलगी मात्र घाबरली. "आपले पेढे कडू झाले होते हे आपणच सांगायचं?" तिची भीती रास्त होती. माझं म्हणणं असं, की ज्या गिऱ्हाइकांनी ते परत केले त्यांना ते आठवतंच, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना कळतं की या घरात पेढा परत घेतला जातो. पण इथे एक रेघ आहे, ती ओलांडू नका. चव बिघडली हे सांगता येतं. माल खराब झाला, कुणाला त्रास झाला, हे ब्रँडच्या फिल्मचं काम नाही. तिथे दुसरा प्रसंग शोधा. आणि ज्याची चूक आहे त्याची परवानगी त्याच्याकडूनच घ्या, मुलीने "चालेल त्यांना" म्हटलेलं पुरत नाही. अण्णांनी रात्रभर विचार करून होकार दिला.

दुसरी सावधगिरी भाऊबंदकीची. मधली पिढी म्हणजे बहुधा वाटणी झालेली पिढी. एका जुन्या कामात मी निरागसपणे "मूळ दुकान" असं लिहून बसले. त्याच गावात चुलत्यांचं त्याच आडनावाचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि फिल्म उतरवावी लागली. तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारते: भाऊ किती, दुकानं किती, नाव कोणाकडे. मूळ, एकमेव, खरे वारसदार हे शब्द माझ्या संहितेत येत नाहीत.

आता हे साठ-सत्तर शब्दांत उतरवायचं. माझा दुसरा खर्डा असा होता: "बदलत्या काळाची पावलं ओळखून अण्णांनी आधुनिक तंत्रज्ञानाचा स्वीकार केला, मात्र परंपरेशी असलेली नाळ त्यांनी तुटू दिली नाही." माहिती सगळी खरी, आणि तरी हे वाक्य कुठल्याही साडीच्या दुकानाला, सराफाला, छापखान्याला चालेल. भट्टी गेली, गणपती गेला, कडूपणा गेला. शेवटी जे रेकॉर्ड झालं ते हे:

(धुमसतं लाकूड भट्टीतून बाहेर ओढलं जातं. तीन सेकंद फक्त तोच आवाज.)

"आप्पा गेले, आणि अण्णांनी डिझेलची भट्टी आणली. दूध भराभर आटायला लागलं. अण्णा खूश.

मग गणपती आले. आणि पेढे परत यायला लागले.

(थांबा.)

कडू लागतात म्हणाले लोक. अण्णांनी दूध बदललं. कारागिराला बोलले. तीन घाणे टाकून दिले.

तेव्हा आई म्हणाली, 'खवा रंग धरायला लागला, की आप्पा अर्धी लाकडं बाहेर ओढायचे.'

बस, एवढंच म्हणाली.

(दोन्ही भट्ट्या एका चौकटीत.)

आता आमच्याकडे दूध आटतं डिझेलवर. पेढा भाजतो लाकडावर. आणि लाकडं कधी ओढायची, ते अजून अण्णाच सांगतात."

यात "कष्ट", "जिद्द", "वारसा" यातलं काही नाही. "अण्णा खूश" हे मुलीचंच बोलणं, मी उचललं. "पेढे परत यायला लागले" नंतर थांबा असं मुद्दाम लिहिलंय, कारण वाचणाऱ्याला तिथे घाई होते. चुकीपासून तोडग्यापर्यंत वीस-पंचवीस सेकंदांहून जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर फिल्म कडू पेढ्यांचीच होऊन बसते.

तिसरी पिढी: यादी नको

नवीन खोके, वेबसाइट, शाखा, हे चित्रांत दिसू द्या, तोंडाने म्हणू नका. मधल्या प्रसंगाला जोडणारी एकच गोष्ट घ्या. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२०पासून सक्तीचं झालं. या मुलीने त्या पट्टीवर खवा कोणत्या दिवशी भाजला तेही लिहायला सुरुवात केली. अण्णा रोज सकाळी चष्मा लावून ती पट्टी तपासतात. पन्नास शब्द तिथेच निघाले.

शब्दांची झाडाझडती

पारंपरिक, अस्सल, शुद्ध, नैसर्गिक हे शब्द सहज सुटतात. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी २०१८चे नियम आहेत, त्यांत अशा शब्दांना अटी घातल्या आहेत. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. प्रत्येक विशेषण खोडा आणि बघा काही हरवतं का. "अस्सल खव्याचा पेढा" खोडून "म्हशीच्या दुधाचा, आमच्याच कढईत आटलेला" लिहिलं, तर ते सिद्धही करता येतं आणि तोंडाला पाणीही तेच आणतं. अर्थात दूध खरोखर म्हशीचं असेल तरच. विचारून घ्या.

रेकॉर्डिंग

स्टुडिओ नसेल तर साखरेची पोती आणि रिकामे खोके ठेवलेली खोली उत्तम, आवाज घुमत नाही. दुकानातले मिठाईचे फ्रीज आणि भट्टीचा पंखा बंद करा, तो घुंऽऽ नंतर आवाज न बिघडवता काढणं अवघड जातं. भट्टीचे, उलथण्याचे, लाकडाचे आवाज वेगळे टिपून ठेवा, संगीताआधी त्यांना जागा द्या. वाचणारीला कागद न देता आधी ती गोष्ट मला सांग म्हणा, आणि जिथे ती कागदापेक्षा वेगळं बोलेल तिथे कागद बदला. "प्राप्त झाले", "उपलब्ध", "सदर" असलं काही तिच्या तोंडून अडखळत आलं, तर चूक तिची नाही.

घरच्यांसमोर वाचन

रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून एकदा मोठ्याने वाचा, मधल्या पिढीसह, आणि आतल्या खोलीत काम करणाऱ्यांना बाहेर बोलावून. चुका तेव्हाच निघतात. माझ्या कागदावर "पेढे काळे झाले होते" असं होतं. अण्णांनी हात वर करून थांबवलं. "काळे नव्हते. काळे असते तर आम्हीच विकले नसते. रंग बरोबर होता, म्हणूनच तर आधी कळलं नाही." काकूंनी मान हलवली. मी ते वाक्य तिथेच खोडलं आणि वर लिहिलं, "कडू लागतात म्हणाले लोक."